वृक्षदेवतांची तक्रार

महाराष्ट्रातल्या बौद्ध कुटुंबात नव्या घरात राहायला जाताना अनेकदा परित्राणपाठ ठेवतात. पाण्याचा कलश, पांढरं सूत आणि पालीतलं पठण. त्या पठणात मंगलसुत्त आणि रतनसुत्त यांच्याबरोबर करणीयमेत्तसुत्तही असतं. सगळे प्राणी सुखी असोत, निर्भय असोत ही इच्छा ज्यात आहे ते हे सुत्त. ऐकणाऱ्या बहुतेकांना त्याचा एवढा आशय ठाऊक असतो. ते कोणत्या प्रसंगी सांगितलं गेलं ही कथा मात्र त्या मानाने कमी सांगितली जाते. ती कथाही घराचीच आहे. कुणी राहायला आलं म्हणून कुणाचं तरी घर सुटलं, त्याची.

सुत्त अगदी लहान आहे, दहा गाथांचं. ते खुद्दकपाठात येतं आणि सुत्तनिपाताच्या उरगवग्गातही येतं. पुष्कळ सुत्तांच्या आरंभी भगवान कुठे राहत होते, कोण भेटायला आलं, काय विचारलं याची प्रस्तावना असते. इथे ती नाही. पहिल्या गाथेपासून थेट उपदेश सुरू होतो आणि दहाव्या गाथेला संपतो. त्यात रान नाही, देवता नाहीत, भीतीचा प्रसंगही नाही. प्रसंग येतो तो अट्ठकथेतून, म्हणजे मूळ पाठावरच्या जुन्या भाष्यातून. या भाष्याचं नाव परमत्थजोतिका. परंपरा ते पाचव्या शतकातल्या आचार्य बुद्धघोषांच्या नावावर मांडते. म्हणजे बुद्धांचा काळ आणि भाष्याचा काळ यांत कित्येक शतकांचं अंतर आहे. त्यामुळे या कथेकडे मी इतिहास म्हणून पाहत नाही. शतकानुशतकं हे सुत्त म्हणणाऱ्यांनी ते कशावरचं उत्तर आहे असं मानलं, हे त्या कथेतून कळतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

कथा अशी. बुद्ध श्रावस्तीला असताना निरनिराळ्या प्रदेशांतले भिक्खू वर्षावासाच्या आधी त्यांच्याकडे आले. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहून ध्यान करायचं, त्यासाठी ज्याच्या त्याच्या स्वभावाला मानवेल असा ध्यानविषय त्यांना हवा होता. तो घेऊन त्यांतले ५०० जण जागेच्या शोधात निघाले. हिमालयाच्या बाजूला एका डोंगराच्या पायथ्याशी त्यांना मनासारखं ठिकाण मिळालं. दाट झाडी, स्वच्छ वाळू, थंड पाण्याचा झरा आणि भिक्षेला जाता येईल इतक्या अंतरावर एक मोठं गाव. सीमेवरच्या त्या मुलखात भिक्खूंचं दर्शन दुर्मिळ. गावकऱ्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आग्रह करून तीन महिने राहायला लावलं. ध्यानासाठी ५०० कुट्या बांधल्या, प्रत्येकीत मंचक, आसन आणि पाण्याची भांडी ठेवली.

त्या झाडांवर वृक्षदेवता राहत होत्या. झाडाखाली शीलवान माणूस बसलेला असताना आपण वर राहणं त्यांना योग्य वाटेना. म्हणून त्या आपापली विमानं, म्हणजे राहती घरं, सोडून मुलाबाळांसह खाली उतरल्या आणि इकडेतिकडे भटकू लागल्या. इथे भाष्यकाराने दिलेला दृष्टान्त मन लावून वाचण्यासारखा आहे. राजा किंवा राजाचे अमात्य गावात मुक्कामाला येतात आणि घरं ताब्यात घेतात, तेव्हा घरातली माणसं बाहेर पडून दुरून पाहत राहतात की हे कधी जातील. देवतांची स्थिती तशी झाली, असं भाष्य सांगतं. सक्तीच्या सरकारी मुक्कामाचा हा अनुभव त्या काळच्या खेड्याला नेहमीचा असणार. भाष्यकार स्वतः भिक्खू होता, तरी या दृष्टान्तात त्याने भिक्खूंना ठेवलं ते राजाच्या माणसांच्या जागी.

एखाद्या दिवसाचा प्रश्न असता तर देवतांनी तो सोसला असता. हे तर तीन महिने राहणार, आणि तितके दिवस मुलाबाळांना घेऊन जमिनीवर काढणं शक्य नाही, हे कळल्यावर त्यांनी भिक्खूंना हुसकावायचं ठरवलं. रात्री भयानक रूपं दाखवली, भीषण आवाज काढले. भिक्खूंची हृदयं धडधडू लागली, चेहरे पिवळे पडले, चित्त एकाग्र होईना. मग देवतांनी दुर्गंधी सोडली, तेव्हा डोकी दुखू लागली. तरीही कुणी कुणाला काही बोललं नाही. ५०० माणसं एकाच रानात, एकाच भीतीत, आणि प्रत्येकाला वाटत असावं की हे फक्त माझ्याच बाबतीत घडतंय. एके दिवशी सगळे ज्येष्ठ स्थविरांच्या सेवेला जमले असताना स्थविरांनीच विचारलं की आलात तेव्हा तुमची कांती उजळ होती, आता एवढे कृश आणि फिके का दिसता, इथे काय सोसत नाही? एकाने सांगितलं, आणि मग सगळ्यांनीच सांगितलं.

वर्षावासाला बसण्याचे दोन मुहूर्त विनयाने मान्य केले आहेत, आधीचा आणि नंतरचा. दुसरा अजून हाताशी आहे, तेव्हा दुसरी जागा मागून घेऊ, असं ठरवून ते गावात कुणालाही न सांगता निघाले आणि श्रावस्तीला परतले. बुद्धांनी आधी पावसाळ्यात न फिरण्याच्या नियमाची आठवण दिली आणि मग कारण विचारलं. सगळं ऐकल्यावर त्यांनी मनाने अख्ख्या जंबुद्वीपाकडे पाहिलं. या भिक्खूंना मानवेल अशी दुसरी जागा, चौरंगाच्या पायाएवढीसुद्धा, त्यांना दिसली नाही. त्यांनी सांगितलं की तिथेच परत जा, तुमचं काम तिथेच पूर्ण होणार आहे. देवतांची भीती नको असेल तर हा परित्त, हे रक्षणवचन, शिकून घ्या. हाच तुमचा ध्यानविषयही होईल. आणि मग त्यांनी या गाथा म्हटल्या. भिक्खू परत गेले. या वेळी देवतांनी त्यांच्या राहण्याच्या जागा झाडून घेतल्या, गरम पाणी ठेवलं, त्यांचे हातपाय चेपले आणि पहारा दिला. त्याच वर्षावासात ५०० जण अर्हत झाले, असं कथा सांगते. धम्मपदाच्या अट्ठकथेतही ही हकीकत आहे. शरीर मातीच्या घड्यासारखं नाजूक आहे असं सांगणाऱ्या चाळिसाव्या गाथेच्या निमित्ताने ती तिथे येते.

ही कथा अनेकदा भुताखेतांवरच्या उताऱ्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते. पण तिच्यात दुष्ट कुणीच नाही. देवतांचं वागणं वाईट आहे, पण त्यांची तक्रार खरी आहे. भिक्खूंचा हेतू शुद्ध आहे, तरी त्यांच्या नुसत्या असण्याने कुणाचं तरी घर मोडलं आहे आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही. हे लक्षात ठेवून सुत्त उघडलं की त्याची सुरुवात वेगळीच कानावर पडते. सगळे सुखी होवोत ही इच्छा पहिल्या ओळीत येत नाही. त्याआधी जवळजवळ अडीच गाथा स्वतः कसं असावं याविषयी आहेत. समर्थ असावं, सरळ असावं, अगदी सरळ असावं. कुणी काही सांगितलं तर ऐकून घेणारं असावं, मृदू असावं, गर्व नसावा. थोडक्यात समाधान मानावं, पोसायला सोपं असावं, व्याप कमी ठेवावेत, राहणी हलकी असावी. इंद्रियं शांत, बुद्धी शहाणी, उद्धटपणा नाही, आणि भिक्षा देणाऱ्या घरांविषयी लोभ नाही. जाणती माणसं नावं ठेवतील असं क्षुद्र काहीही करू नये.

पोसायला सोपं आणि राहणी हलकी, हे गुण ज्यांना सांगितले त्यांच्यासाठी गावाने नुकत्याच ५०० कुट्या बांधल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी झाडांवरची बिऱ्हाडं उठली होती. भाष्यकार हा दुवा उघड जोडत नाही, तो मी जोडते आहे. पण कथा आणि पाठ शेजारी ठेवले की तो चुकवता येत नाही. समोरच्याच्या सुखाची इच्छा करण्याआधी आपलं ओझं त्याच्यावर किती पडतं हे पाहायला सुत्त सांगतं. पुष्कळ जण पाठ करताना सुरुवातीच्या या गाथा भराभर म्हणतात आणि सुखी होवोत या शब्दांपाशी थांबतात. तसं केलं की उरते ती फक्त शुभेच्छा.

मग इच्छा येते, आणि ती कुणाकुणासाठी याची यादी येते. भीतीने थरथरणारे आणि स्थिर झालेले, लांब, मोठे, मध्यम, आखूड, सूक्ष्म, जाड. दिसणारे आणि न दिसणारे, दूरचे आणि जवळचे, जन्मलेले आणि जन्माच्या वाटेवर असलेले. कुणी सुटू नये म्हणून प्राण्यांना एकेका मापाने मोजून घेतलं आहे. भाष्यकाराने प्रत्येक शब्दापुढे खरे प्राणी उभे केले आहेत. मोठे म्हणजे जमिनीवर हत्ती. मध्यम म्हणजे घोडे, बैल, म्हशी, डुकरं. सूक्ष्म म्हणजे डोळ्यांना न दिसणारे पाण्यातले जीव, किंवा उवा. जवळचे म्हणजे अगदी आपल्या शरीराच्या आत राहणारे जीवसुद्धा, आणि तिथून पुढे आपली सीमा, गाव, मुलूख असं अंतर वाढत जातं. उवांना या यादीत जागा दिली हे मला फार आवडतं, कारण मैत्री कुठे अडते ते तिथे लगेच कळतं. कथेतल्या देवता न दिसणाऱ्यांमध्ये मोडतात. त्यांचं नाव न घेता त्यांना सामावून घेतलं आहे.

पुढच्या गाथेत इच्छेबरोबर वागणं येतं: कुणी कुणाला फसवू नये, कुठेही कुणाला तुच्छ लेखू नये, रागाने किंवा चिडीने एकमेकांच्या दुःखाची इच्छा करू नये. आणि मग आईचा दृष्टान्त, या सुत्तातला सगळ्यांत प्रसिद्ध. आई आपल्या एकुलत्या एका मुलाला जीव पणाला लावून जपते, तसं सगळ्या प्राण्यांविषयी अमर्याद मन वाढवावं. या दृष्टान्तात एक अडचण आहे, आणि ती जुन्या आचार्यांना ठाऊक होती. आईची माया एकाच मुलावर असते. माझं मूल आणि दुसऱ्याचं मूल हा भेद तिच्यात असतो. बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात मैत्रीचे दोन शत्रू सांगितले आहेत. द्वेष हा दूरचा शत्रू, तो ओळखता येतो. आसक्ती हा जवळचा शत्रू, कारण तीही मैत्रीसारखंच माणसातलं चांगलं तेवढं पाहते, आणि म्हणून ती मैत्रीच्या वेषात सहज आत शिरते. त्यामुळे आईकडून घ्यायची ती जीव पणाला लावण्याची तयारी. एकुलतेपणाची ओढ घ्यायची नाही.

मग हे करायचं कसं? सुत्तात पद्धत दिलेली नाही. उभं असताना, चालताना, बसल्यावर, पडल्यावर, झोप येईपर्यंत ही स्मृती धरावी एवढंच ते सांगतं. पद्धत विसुद्धिमग्गाच्या नवव्या प्रकरणात आहे. या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती गोव्यातल्या साखवाळला जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी संपादित केली आणि ती १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. सुत्तनिपाताचा मराठी अनुवादही त्यांनी केला. विसुद्धिमग्ग सांगतो की सुरुवात स्वतःपासून करावी. मी सुखी असावं असं मला वाटतं, तसं दुसऱ्यालाही वाटतं, याची साक्ष आधी स्वतःत मिळते. मग आदरणीय गुरू, मग जिवलग मित्र, मग ज्याच्याशी काही देणंघेणं नाही असा माणूस, आणि शेवटी वैरी. वैऱ्यापासून सुरुवात केली तर राग उसळतो. जिवलगापासून केली तर त्याच्या छोट्याशा दुःखानेही रडू येतं. मेलेल्या माणसावर तर ही भावना करूच नये. एक तरुण भिक्खू आपल्या आचार्यांना डोळ्यांपुढे ठेवून मैत्री करत होता, पण त्याचं ध्यान लागेना. नंतर कळलं की आचार्य वारले होते. त्याने विषय बदलला आणि ध्यान लागलं.

वैऱ्यापाशी राग आलाच तर काय करावं, याचे अनेक उपाय तिथे दिले आहेत. त्याची एखादी तरी चांगली गोष्ट आठवावी. राग नेमका कशावर आहे ते शोधावं, त्याच्या केसांवर, नखांवर की हाडांवर? हे काहीही चाललं नाही तर त्याला काहीतरी द्यावं किंवा त्याच्याकडून घ्यावं. चित्तलपब्बत विहारातल्या एका भिक्खूला एका स्थविरांनी तीनदा त्याच्या जागेवरून उठवलं होतं. त्या भिक्खूने आपल्या आईने दिलेलं आठ कहापणांचं भिक्षापात्र त्याच स्थविरांना दिलं आणि आईला पुण्य लाभू द्या असं सांगितलं. इथेही भांडण जागेचंच होतं.

मैत्री पुरी झाली की नाही हे कसं ओळखायचं? त्यासाठी बुद्धघोषांनी एक प्रसंग मांडला आहे. तुम्ही बसला आहात, बरोबर तुमचा आवडता माणूस आहे, एक तटस्थ आहे आणि एक वैरी आहे. चोर येतात आणि म्हणतात की बळीसाठी गळ्यातलं रक्त हवं आहे, तुमच्यातला एक द्या. याला न्या किंवा त्याला न्या असं मनात आलं तर सीमा मोडलेली नाही, हे उघडच आहे. पण मला न्या, यांना सोडा असं वाटलं तरीही मोडलेली नाही. कारण जो नेला जाईल त्याचं अहित तुम्ही इच्छिलं, फक्त तो तुम्ही स्वतः आहात एवढंच. चौघांपैकी चोरांना देण्यासारखा एकही दिसत नाही तेव्हाच सीमा मोडली. त्यागाची सवय असलेल्या आपल्या मनाला हे पटायला जड जातं. मला तरी या प्रकरणातली सगळ्यांत खोल गोष्ट हीच वाटते.

महाराष्ट्रात हजारो लोकांना मेत्ता प्रत्यक्ष करायला मिळते ती विपश्यनेच्या शिबिरात. इगतपुरीच्या धम्मगिरीला किंवा इतर केंद्रांवर दहा दिवसांच्या शिबिरात मैत्रीची साधना शिकवतात ती दहाव्या दिवशी. त्याआधी शील, श्वासावरची एकाग्रता आणि संवेदनांचं निरीक्षण असतं. आधी स्वतःची मशागत आणि मग इच्छा, हा सुत्तातला क्रम तिथेही दिसतो.

राहतो तो रक्षणाचा प्रश्न. परित्त म्हटलं की संकट टळतं का? अंगुत्तरनिकायात मैत्रीचे अकरा लाभ सांगितले आहेत. सुखाने झोप लागणं, वाईट स्वप्न न पडणं इथपासून विष आणि शस्त्र न बाधणं इथपर्यंत. मिलिंदपञ्ह या ग्रंथात राजा मिलिंद यावरच बोट ठेवतो: मग जातकातल्या साम या कुमाराला विषारी बाण कसा लागला? आंधळ्या आईवडिलांसाठी पाणी भरायला गेलेला साम म्हणजे आपल्या ओळखीच्या श्रावणबाळाचाच भाऊबंद, आणि तो तर मैत्रीने राहणारा म्हणून प्रसिद्ध. नागसेन उत्तर देतात की हे गुण माणसाचे नाहीत, मैत्रीचे आहेत. साम पाण्याचा घडा उचलत होता त्या क्षणी त्याच्या मनात मैत्रीची भावना नव्हती. पाठ केलेल्या शब्दांना हे रक्षण लागू होत नाही, चालू असलेल्या मनाला लागू होतं, एवढा कडक अर्थ त्यातून निघतो.

अकरा लाभांमध्ये मनुष्येतरांनाही प्रिय होणं हा एक आहे. त्याच्या दाखल्यासाठी बुद्धघोष विशाख स्थविरांची गोष्ट सांगतात, आणि ती आपल्या ५०० भिक्खूंच्या कथेच्या बरोबर उलटी आहे. विशाख पाटलिपुत्रचे संपन्न गृहस्थ. श्रीलंकेची कीर्ती ऐकून त्यांनी मालमत्ता बायकोमुलांना दिली, एक नाणं पदराला बांधून घर सोडलं आणि महाविहारात जाऊन प्रव्रज्या घेतली. पुढे प्रत्येक विहारात चार महिने राहायचं असा त्यांचा नेम होता. चित्तलपब्बताला चार महिने झाले आणि सकाळी निघायचं असं त्यांनी ठरवलं. त्या रात्री जिन्याच्या पायरीवर बसून कुणीतरी रडताना त्यांना ऐकू आलं. ती मणिल झाडावरची देवता होती. तुम्ही जाणार म्हणून रडते, असं तिने सांगितलं. मी इथे असण्याने तुमचं काय भलं होतं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की तुम्ही इथे असता तोवर आम्ही मनुष्येतर एकमेकांशी नीट वागतो, तुम्ही गेलात की भांडणं आणि वाईटसाईट बोलणं सुरू होईल. माझ्या राहण्याने तुम्हाला सुखाने राहता येत असेल तर चांगलंच आहे, असं म्हणून विशाख आणखी चार महिने राहिले. ते संपले तेव्हा पुन्हा निघायचं मनात आलं, देवता पुन्हा रडली, आणि ते पुन्हा थांबले. असं होत होत अखेरपर्यंत ते त्याच विहारात राहिले.